नोटरी केलेलं साठेखत आहे, नोंदणी नाही: खरेदीदाराच्या हाती काय उरतं?

कोपरखैरण्यातल्या रिसेल फ्लॅटचं एक उदाहरण घेऊ. किंमत ६२ लाख. १२ मार्च २०२४ रोजी पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर साठेखत, म्हणजे पुढे खरेदीखत करून देण्याचा करार, झाला, नोटरीचा शिक्का बसला, चेकने ९ लाख दिले आणि चावीही मिळाली. खरेदीखत ३१ ऑगस्टपर्यंत करायचं ठरलं होतं. सप्टेंबरमध्ये मालक म्हणाला, "भाव वाढलाय, आता नाही देत."

नोटरी सह्यांची खात्री करतो, नोंदणी करत नाही. हा गैरसमज आपल्याकडे इतका रुळलाय की लोक 'नोटरीने रजिस्टर केलं' असं बिनदिक्कत म्हणतात. नोंदणी होते ती फक्त दुय्यम निबंधकाकडे.

साठेखताने मालकी मिळत नाही. नोंदवलेल्या साठेखतानेही नाही, त्याला खरेदीखतच लागतं. नोंदणी नसल्याने जातं ते वेगळंच. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५३अ एरवी पैसे देऊन ताब्यात असलेल्या खरेदीदाराला ढाल देतं. करारातला आपला भाग पुरा करायची तयारी असेल, तर मालक त्याला बाहेर काढू शकत नाही. पण २४ सप्टेंबर २००१ पासूनच्या करारांना ही ढाल नोंदणी असेल तरच मिळते. त्यामुळे 'चावी माझ्याकडे आहे, कोण काढतंय' हा भरवसा इथे चालत नाही.

उरतो तो करारपूर्तीचा, म्हणजे मालकाला ठरल्याप्रमाणे खरेदीखत करून द्यायला लावण्याचा दावा. नोंदणी कायद्याच्या कलम ४९ मधल्या सवलतीमुळे नोंदणी नसलेलं साठेखत या दाव्यात करार झाल्याचा पुरावा म्हणून वाचता येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अमीर मिन्हाज प्रकरणातही हेच सांगितलं. दाव्याची मुदत करारात ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षं, म्हणजे आपल्या उदाहरणात ३१ ऑगस्ट २०२७ पर्यंत. करारात तारीखच नसेल, तर मालकाने नकार दिल्याचं कळलं तेव्हापासून.

माणसं अडकतात ती मात्र मुद्रांक शुल्कावर. महाराष्ट्रात ताबा दिलेलं किंवा द्यायचं कबूल केलेलं साठेखत शुल्कासाठी खरेदीखतासारखंच मोजतात. रेडीरेकनरचा, म्हणजे सरकारने ठरवलेला भाव ६२ लाखांपेक्षा जास्त नाही असं धरलं, तरी ७ टक्क्यांनी ४,३४,००० रुपये होतात, आणि भरलेत ५००. हा कागद कोर्टापुढे आला की जप्त होतो आणि शुल्क भरेपर्यंत वाचला जात नाही. कमी पडलेल्या रकमेवर दरमहा २ टक्के दंड, म्हणजे दीड वर्षाचा सुमारे १ लाख ५६ हजार. त्यापेक्षा आधीच मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करून शुल्क भरून घेतलेलं बरं. तिथे मूळ दस्तच लागतो, झेरॉक्सवर शुल्क भरून घेत नाहीत. म्हणून मूळ प्रत एजंटकडे 'ठेवायला' देऊ नका.

नोंदणी आता करता येईल का? सहीपासून चार महिने मुदत असते, म्हणजे १२ जुलै २०२४. पुढचे चार महिने दंड भरून, तोही नोंदणी फीच्या दहा पटीपर्यंत. शिवाय मालकाला येऊन सही कबूल करावी लागते. इथे दोन्ही गोष्टी हातातून गेल्यात.

मालकाने तोवर फ्लॅट दुसऱ्याला विकला तर? दाम मोजून आणि तुमच्या कराराची माहिती नसताना घेणाऱ्याला कायदा संरक्षण देतो. इथे मात्र चावी कामी येते. फ्लॅटमध्ये कोणी प्रत्यक्ष राहत असेल, तर त्याच्या हक्काची माहिती नव्या खरेदीदाराला होती असं कायदा धरून चालतो. ताबा ढाल म्हणून चालत नाही, पण सूचना म्हणून चालतो. त्यासाठी महावितरणची बिलं, सोसायटीच्या मेंटेनन्सच्या पावत्या, गॅसचा पत्ता तुम्ही तिथे राहत असल्याचं दाखवू शकले पाहिजेत. कुलूपबंद फ्लॅटचा उपयोग नाही.

दाव्याआधी वकिलामार्फत नोटीस पाठवा: उरलेले ५३ लाख द्यायला तयार आहे, अमुक तारखेला दुय्यम निबंधकाकडे या. तयारी कागदावर दिसली पाहिजे, म्हणून कर्जमंजुरीचं पत्र किंवा बँक स्टेटमेंट जोडा. दाव्यासाठी हाताशी ठेवा: मूळ साठेखत, ९ लाखांचा बँकेतला पुरावा, मालकाशी झालेले मेसेज आणि ताज्या इंडेक्स टूची, म्हणजे नोंदवलेल्या व्यवहाराच्या उताऱ्याची प्रत. फ्लॅट सिडकोच्या भाडेपट्ट्याच्या जमिनीवर असेल, तर हस्तांतरणाची परवानगी कोणी आणायची हे करारात काय लिहिलंय ते आधी वाचा. मालक बहुतेकदा त्याच मुद्द्यावर अडून बसतो.

दाव्यात 'खरेदीखत नाही तर ९ लाख परत' ही पर्यायी मागणी लिहायलाच हवी. मागितलं नाही तर कोर्ट देत नाही. चूक तुमची नसेल, तर त्या रकमेपुरता फ्लॅटवर तुमचा बोजाही असतो.

दावा दाखल होताच त्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. वकील तिला लिस पेंडन्स म्हणतात. महाराष्ट्रात ती नोंदवल्याशिवाय दावा चालू असताना घेणाऱ्याला दावा बांधून ठेवत नाही. नोंदवली की पुढचा खरेदीदार सर्च घेतो तेव्हा ती त्याच्यासमोर येते.