‘गावात लाइन आली’: आजीच्या गोष्टीमागची पार्श्वभूमी

वऱ्हाडातली म्हातारी बाई ‘वीज आली’ म्हणत नाही. वीज म्हणजे आभाळातली, कडाडणारी, उभ्या पिकावर आणि झाडाखालच्या बैलावर पडणारी. खांबावरून येते ती ‘लाइन’. म्हणून नातवंडांना सांगायची गोष्टही ‘आमच्या गावात लाइन आली तवा’ अशीच सुरू होते. घरात कापूस येऊन पडलेला असतो, दिवेलागणीला मारुतीच्या पारापाशी गाव जमलेलं असतं, कुणीतरी बाहेरचा पाहुणा बटन दाबतो, खांबावरचा गोळा पेटतो आणि सासू त्याला हात जोडते. चिमणी लावली की हात जोडायचे, ही घरची रीत तिने त्या गोळ्यालाही लावलेली असते.

ही संध्याकाळ नेमकी कोणत्या वर्षाची, हे शोधायला गेलं की गोष्ट अडते. आजीच्या गोष्टीवरून निघणारं वर्ष आणि सरकारी यादीतलं वर्ष बहुतेक वेळा जुळत नाही. यादीत गाव आधीच ‘विद्युतीकृत’ असतं, कधी तीन-चार वर्षं, कधी त्याहून जास्त. आजीची आठवण चुकली असं समजून वर्ष दुरुस्त करणारे पुष्कळ आहेत. ती दुरुस्ती करण्याआधी ‘विद्युतीकृत गाव’ या शब्दाचा अर्थ पाहायला हवा.

ऑक्टोबर 1997 पर्यंत देशभर चाललेली व्याख्या अशी होती: गावाच्या महसुली हद्दीत कुठेही, कोणत्याही कामासाठी वीज वापरली जात असेल तर ते गाव विद्युतीकृत. महसुली हद्द म्हणजे गावठाण नव्हे, सगळं शिवार. गावापासून दोन किलोमीटरवरच्या एका विहिरीवर मोटार बसली, तिला जोडणी मिळाली, की कागदावर अख्ख्या गावात उजेड झाला. गावठाणात एकही खांब नसला तरी हिशेब पुरा.

हे मुद्दाम केलेलं होतं का? एका अर्थी, हो. 1965-66 च्या दुष्काळानंतर देशाचं धोरण बदललं आणि ग्रामीण विजेचा भर घरांच्या दिव्यांवरून विहिरींच्या पंपांवर गेला. 1969 मध्ये गावांच्या विजेसाठी कर्ज देणारं केंद्राचं महामंडळ उभं राहिलं. धान्य हवं होतं, म्हणून पंप आधी. शिवाय टाकलेल्या लाइनचा खर्च निघायचा तर पंप हवेच होते, कारण चाळीस वॉटच्या दिव्याच्या बिलात काही मैल तार परवडत नाही. धान्याच्या बाजूने हा निर्णय समजण्यासारखा आहे. विदर्भात त्याचं ओझं मात्र कोरडवाहू माणसावर पडलं. वरुड-मोर्शीच्या संत्र्याच्या पट्ट्यात विहिरी होत्या, अर्ज होते, म्हणून तारा शिवारात लवकर पोचल्या. यवतमाळच्या कोरडवाहू कपाशीच्या गावात विहीरच नसेल तर अर्ज कशाचा करायचा? तिथे ना पंप, ना दिवा.

त्याआधीचा काळ थोडक्यात सांगता येतो. नागपूरसारख्या शहरात स्वातंत्र्याआधीपासून दिवे होते आणि कापसाच्या गावात सरकी काढणाऱ्या जिनाला स्वतःचं तेलाचं इंजिन असे. 1956 पर्यंत विदर्भ जुन्या मध्य प्रदेशात होता. खापरखेड्याचं पहिलं वीजकेंद्र त्याच काळातलं. महाराष्ट्र झाल्यावर 1960 मध्ये राज्याचं वीज मंडळ आलं, त्याच दशकात पारसचं केंद्र सुरू झालं. आजीच्या गोष्टीतली संध्याकाळ बहुधा यानंतरचीच.

ती दिवाळी आणि होळीच्या मधलीच का असते, याचं कारण काळ्या मातीत आहे. पावसाळ्यात खांबांचा ट्रक शिवारात शिरत नाही आणि खोदलेला खड्डा पाण्याने भरतो. आठ मीटरचा खांब सहाव्या हिश्श्याइतका, म्हणजे सव्वा ते दीड मीटर जमिनीत जातो. काढलेली काळी मातीच परत भरली तर ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि दोन वर्षांत खांब कलतो. जाणता मुकादम खड्ड्यात मुरूम आणि दगड थराथराने ठोकून भरून घेई आणि वळणाच्या खांबाला बाहेरून ताणाची तार देई. गावात वळणावरचा खांब आतल्या बाजूला झुकलेला दिसला तर समजावं की मुरूम वाचवला किंवा ताण सैल पडला. शिवाय मार्चअखेर उद्दिष्ट गाठायची घाई असे. आजी ‘शिमग्याच्या थोडं आधी’ म्हणत असेल तर तिची आठवण खरी असण्याचीच शक्यता जास्त.

प्रत्यक्ष लाइन त्या संध्याकाळी ‘चालू’ होत नसे. अकरा हजार व्होल्टची तार, दोन खांबांच्या मचाणावर बसवलेला ट्रान्सफॉर्मर (यालाच गाव ‘डीपी’ म्हणतं) आणि गावातल्या तारा यांची तपासणी दिवसाउजेडी होई. तारेवर फांदी राहिली का, कामाच्या वेळी जमिनीला जोडलेली साखळी काढली का, हे पाहिल्यावरच लाइनमन खालून दांडा ओढून स्विच लावी. मग डीपीच्या पेटीत टेस्ट लॅम्पने तिन्ही फेज बघे आणि शेवटी चिनी मातीचे फ्यूज बसवी. संध्याकाळी पाहुण्याने दाबलेलं बटन सहसा रस्त्यावरच्या दिव्यांचं आणि देवळातल्या एखाद्या बल्बचं. रस्त्याच्या दिव्यांसाठी खांबावर वेगळी तार असते, त्यामुळे घरोघर एकही जोडणी नसताना गल्ली उजळवता येते.

म्हणून ‘त्या राती साऱ्या गावात उजेड झाला’ हे वाक्य खरं आहे, पण तो उजेड बाहेरचा. घरात दिवा यायला अर्ज भरायचा, डिमांड भरायची, परवानाधारक वायरमनकडून फिटिंग करून त्याचा टेस्ट रिपोर्ट द्यायचा, मग मीटरची वाट पाहायची. फिटिंग म्हणजे मातीच्या भिंतीत लाकडी गुटके ठोकून त्यांवर सागाची पट्टी, पट्टीवर पत्र्याच्या क्लिपांनी धरलेल्या दोन तारा, लाकडी गोल ठोकळ्यावर काळं बटन आणि छताच्या फाट्याला लोंबता पितळी होल्डर. ओल्या भिंतीतून गुटका सुटला की पट्टी लोंबते आणि तारेचं आवरण क्लिपेपाशी चिरतं. पावसाळ्यात पट्टीला हात लागून झिणझिण्या आल्याच्या आठवणी याच जागेच्या.

आजीच्या गोष्टीत आणखी एक बारकावा हमखास येतो: ‘दिवा लागे, पन कंदिलावाणी’. त्याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. समजा गावाला 25 केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर आहे आणि त्यावरच गावाजवळच्या विहिरींच्या पाच एचपीच्या तीन मोटारी आहेत. असा ट्रान्सफॉर्मर दर फेजला साधारण 33 अँपिअर देऊ शकतो. एक मोटार चालताना सात-साडेसात अँपिअर घेते, म्हणजे तीन मोटारींना 22 च्या आसपास. पण साध्या स्टार्टरवर मोटार सुरू होताना क्षणभर तिच्या नेहमीच्या सहापट, चाळीसच्या वर अँपिअर ओढते. त्या क्षणी गावातले सगळे दिवे डोळा मिटल्यासारखे करतात. मोटारी चालत राहिल्या की बारीक तारेच्या शेवटच्या टोकाला 230 ऐवजी 180 व्होल्ट उरतात. दाब पाचव्या हिश्श्याने उतरला, तर उजेड पाचव्या हिश्श्याने उतरत नाही. जुन्या तारेच्या बल्बचा उजेड दाबाच्या तिप्पट-साडेतिप्पट वेगाने ढासळतो आणि 180 व्होल्टवर निम्म्याहूनही कमी राहतो. साठचा बल्ब लावून चाळिसाचाही उजेड पडत नाही. आजी कंदिलाशी तुलना करते ती उगाच नाही.

आणि शेवटचं टोक कुणाचं, हा प्रश्न इथे विचारलाच पाहिजे. डीपी बहुतेकदा चावडीजवळ किंवा रस्त्यालगत. तिथून तार पाटलाच्या आळीतून जाते आणि नाल्यापाशी थांबते. नाल्यापलीकडच्या दलित वस्तीत खांब जायला पुष्कळ गावांत वर्षं गेली. त्या वस्तीतल्या आजीची ‘पहिली संध्याकाळ’ वेगळीच असते, आणि ती तितकीच खरी. 1988-89 पासून गरीब घरांना एका दिव्याची जोडणी देणारी योजना आली. कित्येक घरांत पहिला बल्ब तोच. 1997 च्या बदलाने वीज वस्तीत वापरली गेली पाहिजे एवढंच म्हटलं. ‘दलित वस्ती’ हा शब्द व्याख्येत 2004 मध्ये आला: गावठाणात आणि दलित वस्तीत ट्रान्सफॉर्मर आणि तारा, शाळा, पंचायत, दवाखाना अशा ठिकाणी वीज, आणि किमान दहा टक्के घरांत जोडणी. नव्या मोजपट्टीने देशातल्या विद्युतीकृत गावांचा आकडा खाली आला.

दहा टक्के ही अटही नीट समजून घ्यावी. 120 घरांच्या गावात 12 घरांत दिवा असेल तर गाव विद्युतीकृत. उरलेली 108 घरं अंधारात असली तरी चालतं. 28 एप्रिल 2018 ला देशातल्या सगळ्या गावांत वीज पोचल्याचं जाहीर झालं ते याच अर्थाने. घर मोजणारी ‘सौभाग्य’ योजना त्याआधी सात महिने, सप्टेंबर 2017 मध्ये, सुरू करावी लागली होती, यातच काय ते आलं.

संध्याकाळचा उजेड टिकला का, हे त्याच्याही पुढचं. 2005 नंतरच्या काही वर्षांत विदर्भातल्या गावांनी बारा-बारा तासांचं भारनियमन सोसलं, कोराडी आणि चंद्रपूरची केंद्रं याच भागात धूर सोडत असताना. पंप आणि घरं एकाच फीडरवर, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या एकाच मुख्य लाइनवर, असल्याने पंप बंद ठेवायचे तर गावही अंधारात ठेवावं लागे. मधला मार्ग म्हणून संध्याकाळी तीन फेजऐवजी एकच फेज देण्याची पद्धत आली, तर शेतकऱ्यांनी कंडेन्सर लावून त्यावरही मोटारी फिरवल्या. मोटारी जळल्या, डीपी जळले. मग गावठाणाचा फीडर शेतीपासून वेगळा काढण्याचं काम झालं आणि दिवेलागणीचा दिवा पंपाच्या वेळापत्रकातून सुटला. साठच्या दशकात जोडलेली गाठ सोडायला चाळीस वर्षं लागली.

आजीची गोष्ट लिहून ठेवणाऱ्याने तिला ‘कोणत्या सालची’ असं विचारू नये. साल तिच्याकडे नसतं. पहिला गोळा खांबावर लागला की घरात? खांब लाकडी होता, लोखंडी होता की सिमेंटचा? घरात मीटर होतं की एकच बल्ब आणि मीटर नाही? मोटार कुणाच्या विहिरीवर आधी बसली, आणि त्या साली कोणतं लेकरू कडेवर होतं? मीटर नसलेला एकच बल्ब म्हणाली तर बहुधा 1988 नंतरचं. विहिरीची मोटार आधी आणि खांबावरचा गोळा मागून असं म्हणाली, तर सरकारी यादीतलं साल त्या मोटारीचं. कडेवरच्या लेकराचं जन्मसाल शाळेच्या दाखल्यावर मिळतं. त्यात एक-दोन वर्षं मिळवली की तिची संध्याकाळ सापडते.