cos x = x: एका समीकरणाकडे जाणाऱ्या दोन वाटा

कॅल्क्युलेटर रेडियनवर ठेवा, १ लिहा आणि cos चं बटण दाबत राहा. ०.५४०३, ०.८५७६, ०.६५४३, ०.७९३५, ०.७०१४... आकडे एकदा खाली, एकदा वर जातात, पण त्यांची झेप दर वेळी आखडत जाते. शेवटी ते ०.७३९०८५ पाशी थांबतात. ज्या संख्येचा कोसाइन तीच संख्या, ती ही. (दोन-तीन वेळातच ०.९९९८ दिसू लागलं, तर कॅल्क्युलेटर अंशांवर राहिलाय हे ओळखा.)

बीजगणिताने इथे x एकटा बाजूला काढता येत नाही, म्हणून असं चालत जावं लागतं. पण ही वाट उत्तराकडेच का जाते? कोसाइनच्या वक्राचा उत्तरापाशी उतार सुमारे −०.६७ आहे. त्यामुळे उत्तराच्या जवळ आल्यावर प्रत्येक पायरीला चूक साधारण ०.६७ पट उरते, आणि ऋण चिन्हामुळे ती दर वेळी बाजू बदलते. हा उतार १ पेक्षा मोठा असता, तर आकडे उत्तरापासून दूर पळाले असते. ०.६७ ने काम होतं, पण सावकाश: एक नवा दशांश अंक पक्का व्हायला जवळपास सहा पायऱ्या लागतात. दहा अंक हवे असतील तर पन्नासहून जास्त वेळा बटण दाबावं लागेल.

दुसरी वाट न्यूटनची. cos x − x चा आलेख घ्यायचा, हातातल्या x पाशी त्याला स्पर्शिका काढायची आणि ती अक्षाला जिथे छेदेल तो नवा x धरायचा. सूत्र असं होतं:

```
नवा x = x + (cos x − x) / (1 + sin x)
```

पुन्हा १ पासून निघू. पहिल्या पायरीला ०.७५०३६, दुसरीला ०.७३९११२९, तिसरीला ०.७३९०८५१३३४. खरं उत्तर ०.७३९०८५१३३२... म्हणजे तीनच पायऱ्यांत नऊ अंक! इथे नवी चूक आधीच्या चुकीच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून जुळलेले अंक दर पायरीला साधारण दुप्पट होतात. मला गणितातल्या फार थोड्या गोष्टी इतक्या देखण्या वाटतात.

मात्र सुरुवात ४.७ पासून करून बघा. तिथे sin x जवळजवळ −१ आहे, त्यामुळे छेद शून्याला टेकतो. स्पर्शिका जवळपास आडवी होते आणि अक्षाला गाठते ती थेट उणे ६१ हजारांच्या पलीकडे. नव्या x चा असा अवाढव्य आकडा दिसला की स्पर्शिका आडवी पडली हे समजावं.

cos च्या बटणाला ही भीती नाही. कुठूनही निघा, पहिल्या दाबाने आकडा −१ ते १ मध्ये येतो आणि दुसऱ्याने ०.५४ ते १ मध्ये. या पट्ट्यात न्यूटनचा छेद कायम दीडपेक्षा मोठा असतो आणि तिथून स्पर्शिका भरकटत नाही. म्हणून सुरुवातीचा अंदाजच नसेल, तर आधी दोनदा cos दाबावं आणि मग न्यूटनचं सूत्र वापरावं. ४.७ वरून −०.०१२४, मग ०.९९९९, आणि पुढच्या तीन स्पर्शिकांत पुन्हा तेच नऊ अंक हाती येतात.