खोक्यावर ६४ जीबी, मग हाती ४८ का?

डिचोली बाजारातल्या आमच्या काउंटरवर चवथीच्या खरेदीनंतर हमखास येणारा प्रश्न: "भाऊ, मोबाईल ६४ जीबीचा घेतला, अजून एक फोटोही काढला नाही, मग १६ जीबी कोणी खाल्ले?" प्रश्न रास्त आहे. मोबाईल जुना किंवा बनावट आहे म्हणून असे होत नाही.

काही भाग निव्वळ मोजमापाचा आहे. कंपनी एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते. विंडोजवाला संगणक मात्र १०७ कोटींहून थोडे जास्त बाइट झाले की एक जीबी म्हणतो. म्हणून अगदी रिकामा ६४ जीबीचा पेनड्राइव्ह त्यावर ५९.६ दिसतो आणि ५१२ चा लॅपटॉप ४७६ च्या आसपास. यात काहीच हरवलेले नसते. मोबाईलच्या सेटिंगमध्ये बहुधा एकूण ६४ च दिसतात, कारण अँड्रॉइड एकूण आकडा खोक्याशी जुळवून लिहितो आणि फरक System या ओळीत घालतो. ती ओळ इतकी फुगलेली दिसते, त्याचे हेही एक कारण.

खरी जागा जाते ती अँड्रॉइड आणि कंपनीने आधीच घातलेल्या ॲपना. समजा, System १४ जीबी आणि ॲप २ जीबी दाखवते, उरले ४८. सिस्टिमचा भाग कारखान्यातच वेगळा कापून ठेवलेला असतो. तिथे तुम्हाला काही लिहिता येत नाही, पुसताही येत नाही. फॅक्टरी रिसेट केले तरी तो तसाच राहतो, त्यामुळे जागेसाठी रिसेट मारू नका.

आधीच आलेल्या ॲपपैकी ज्यांना Uninstall चे बटण आहे, ती खुशाल काढा. जागा परत मिळते. ज्यांना फक्त Disable आहे, त्यांचे मूळ रूप त्या कापलेल्या भागात असते. ते बंद केले तरी तो भाग तुमच्या वाट्याला येत नाही. पण त्यांचे अपडेट तुमच्या जागेत साठतात, आणि हे कमी लोकांना माहीत असते. ॲपच्या माहितीच्या पानावर वरच्या तीन ठिपक्यांतून Uninstall updates दाबा, मग Disable करा; नाहीतर प्ले स्टोअर तेच अपडेट पुन्हा उतरवून घेईल. काय ॲप आहे ते ओळखत नसाल तर हात लावण्याआधी आम्हाला दाखवा.

म्हणून ६४ की १२८ असा प्रश्न असेल, तर आमचे मत १२८. त्याच मॉडेलमध्ये सिस्टिम जवळपास तेवढीच जागा घेते, म्हणजे ४८ ऐवजी ११० च्या आसपास हाती लागतात. आणि यातले चार-पाच जीबी कायम मोकळे ठेवा. मोबाईलचे मोठे अपडेट उतरताना तुमच्याच जागेत उतरते, आणि जागा नसेल तर अडकून बसते.