फ्रान्समध्ये बँक खातं उघडताना : कागदपत्रं आणि कामापुरतं फ्रेंच

फ्रान्समध्ये राहणाऱ्या परदेशी माणसाला बँक खातं उघडता येतं. बँक मुख्यतः दोन कागद मागते. एक ओळखीचा, म्हणजे पासपोर्ट आणि सोबत व्हिसा किंवा तित्र द सेजूर (राहण्याचा परवाना). दुसरा पत्त्याचा, आणि गाडी बहुतेकदा इथेच अडते.

आधी रांदेव्हू, म्हणजे भेटीची वेळ घ्यावी. काउंटरवर पहिला शब्द 'बोंजूर'. तो गाळून थेट कामाला हात घातला तर समोरच्याचा चेहरा तिथेच उतरतो. मग 'ज वुद्रे उव्रिर अं कोंत', मला खातं उघडायचंय.

उलट प्रश्न येतो तो 'ज्युस्तिफिकातीफ द दोमिसील'चा. हा पत्त्याचा पुरावा, आणि तो 'म्वँ द त्रुआ म्वा', तीन महिन्यांच्या आतला हवा. विजेचं बिल किंवा कित्तांस द ल्वाये (भाड्याची पावती) चालते. मोबाइलचं बिल पुष्कळ ठिकाणी घेत नाहीत. 'इल मांक अं दोक्युमाँ' हे वाक्य कानावर आलं, तर एखादा कागद कमी पडतोय असं समजा.

समजा, लियाँला नुकताच पोचलेला विद्यार्थी मित्राच्या घरी उतरलाय. त्याच्या नावावर वीज नाही, भाडंही नाही. अशा वेळी मित्राने 'आतेस्तासियों देबेर्जमाँ' लिहून द्यायचं, म्हणजे हा माझ्याकडे राहतो असं पत्र. सुरुवात ठरलेली : 'ज सुसिन्ये...', आपल्याकडच्या 'मी खाली सही करणार'सारखी. पुढे 'सेर्तिफी स्यूर लॉनर', मी सत्यप्रतिज्ञेवर सांगतो. मग कोण, कुठल्या पत्त्यावर, कधीपासून राहतो ते. शेवटी गाव, तारीख, सही. नुसतं पत्र पुरत नाही. मित्राच्या ओळखपत्राची प्रत आणि त्याच्या स्वतःच्या पत्त्याचा पुरावाही जोडावा लागतो. बहुतेक लोक हाच तिसरा कागद घरी विसरून येतात.

फॉर्मवर 'नों' म्हणजे आडनाव, 'प्रेनों' म्हणजे स्वतःचं नाव. पासपोर्टवर नावापुढे वडिलांचं नाव असेल तर प्रेनोंच्या रकान्यात तेही तसंच उतरवा. 'नों द नेसांस' म्हणजे जन्माचं, माहेरचं आडनाव. लग्नानंतर पासपोर्टवर नाव बदललेल्या बायका इथे सवयीने सासरचं लिहितात. मग जन्मदाखला आणि बँकेचे कागद जुळत नाहीत, आणि पुढच्या प्रत्येक कचेरीत खुलासा करत बसावं लागतं.

खातं झालं की 'रीब' मागून घ्या. खातं क्रमांकाचा हा कागद घरमालक आणि पगार देणारा दोघेही मागतात. त्यावरचा इबान, म्हणजे आंतरराष्ट्रीय खातं क्रमांक, 'FR'ने सुरू होतो आणि 27 अक्षर-अंकांचा असतो.

बँकेने नकार दिला तर तो लेखी मागा : 'आतेस्तासियों द रफ्यू'. तुमचं फ्रान्समध्ये दुसरं खातं नसेल, तर हा कागद घेऊन फ्रान्सच्या मध्यवर्ती बँकेकडे, बांक द फ्रांसकडे, 'द्रुआ ओ कोंत', म्हणजे खात्याचा हक्क, यासाठी अर्ज करता येतो. ती एक बँक नेमून देते, आणि त्या बँकेला तुमचे कागद पूर्ण मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत खातं उघडावं लागतं.