वरच्या अन्नमार्गातील रक्तस्राव

अन्ननलिका, जठर किंवा ड्युओडेनम म्हणजेच लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग यांतून होणारा रक्तस्राव. रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी होते, नाहीतर डांबरासारखी काळी, चिकट शौच. अल्सर आणि व्हॅरिसेस या त्याच्या दोन मोठ्या कारणांची यंत्रणा मात्र वेगळी आहे.

अल्सर खोल जाऊन धमनीची भिंत पोखरतो. मागे बहुधा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू किंवा वेदनाशामक गोळ्या असतात. तिथे बसलेली रक्ताची गुठळी आम्ल आणि पेप्सिन हे जठरातले पाचक द्रव्य विरघळवतात. व्हॅरिसेस म्हणजे यकृत कठीण झाल्याने, म्हणजे सिरोसिसमुळे, आतड्यांकडून यकृताकडे जाणाऱ्या पोर्टल शिरेतला दाब वाढून अन्ननलिकेत किंवा जठरात फुगलेल्या शिरा. त्या दाबाने फुटतात, आम्लाने नव्हे.

समजा, यकृताचा सिरोसिस आणि पोटात पाणी असलेला रुग्ण रक्ताच्या उलट्या घेऊन येतो. नाडी 124, रक्तदाब 84/50, हिमोग्लोबिन 6.4. आधी श्वासमार्ग सांभाळायचा, दोन जाड सुया लावायच्या, सलाईन आणि रक्त सुरू करायचे. (ताज्या रक्तस्रावात हिमोग्लोबिन काही तास फसवे असते, नाडी आणि रक्तदाब आधी बोलतात.) हिमोग्लोबिन साधारण 7 च्या खाली गेल्यावर रक्त द्यायचे आणि ते 7 ते 8 वर आले की थांबायचे. सिरोसिसमध्ये सढळ हाताने रक्त चढवले की पोर्टल दाब वाढतो आणि थांबत आलेली शीर पुन्हा वाहू लागते. हृदयविकार असल्यास किंवा रक्त धो धो वाहत असल्यास ही मर्यादा तशीच लागू होत नाही.

कारण अजून ठाऊक नसते, पण व्हॅरिसेसची शंका दाट असते. म्हणून पोर्टल दाब उतरवणारे ऑक्ट्रिओटाइड 50 मायक्रोग्रॅम एकदम आणि मग ताशी 50 देतात. सोबत सेफट्रिअ‍ॅक्सोन 1 ग्रॅम, कारण अशा रुग्णांना जंतुसंसर्ग पटकन होतो. रुग्ण सावरल्यावर, व्हॅरिसेसची शंका असेल तर 12 तासांच्या आत आणि एरवी 24 तासांच्या आत एंडोस्कोपी करतात. सावरण्याआधी घाईने नळी आत घालून फायदा होत नाही.

दुर्बिणीतून दिसते ते असे: अन्ननलिकेतल्या शिरा लहान, कोरड्या; ड्युओडेनमच्या मागच्या भिंतीवर मात्र अल्सर आणि त्यात उघडी पडलेली, ठिबकणारी रक्तवाहिनी. सिरोसिस असला म्हणजे रक्त शिरांमधूनच आले असे धरून चालणारा इथे फसला असता. अ‍ॅड्रेनलिनचे इंजेक्शन देऊन क्लिप लावतात. नुसते इंजेक्शन पुरत नाही. रक्त पुन्हा सुटण्याचा धोका राहतो.

आम्लशामकाचे खरे काम आता सुरू होते. पँटोप्राझोल 80 मिलिग्रॅम एकदम, मग ताशी 8 असे 72 तास. आम्ल कमी झाले की गुठळी टिकते. एंडोस्कोपीआधी दिलेल्या मात्रेने अल्सर थोडा सौम्य दिसतो, पण मृत्यू कमी झाल्याचे दिसलेले नाही. तिच्या भरवशावर एंडोस्कोपी लांबवू नये. ऑक्ट्रिओटाइड थांबवतात, सेफट्रिअ‍ॅक्सोन मात्र चालू ठेवतात. व्हॅरिसेस फुटलेल्या असत्या तर रबरी बँड लावले असते, ऑक्ट्रिओटाइड 2 ते 5 दिवस चालले असते, आणि आम्लशामक फार तर बँडखालची जखम भरेपर्यंत थोडे दिवस.