आधी क्षेत्रफळ एक: सिम्प्सनच्या त्रिकोणापासून कोशीच्या वक्रापर्यंत

घनता फलन दिलं की पहिलं काम म्हणजे ∫f(x)dx = 1 येतं का ते पाहणं. अपेक्षित मूल्य आणि विचरण (व्हेरियन्स) त्यानंतर. पुस्तकात ही पायरी एका ओळीत उरकतात आणि विद्यार्थी ती बिनधास्त गाळतात. ही अट आली कुठून, ते पाहायचं तर अठराव्या शतकातल्या खगोलनिरीक्षकांकडे जावं लागतं.

एकाच ताऱ्याची सहा निरीक्षणं घेतली आणि सहाही वेगळी आली, तर सरासरी घ्यावी की त्यातलं सगळ्यात काळजीपूर्वक घेतलेलं एकच धरावं? विणकर म्हणून आयुष्य सुरू केलेला इंग्रज गणिती थॉमस सिम्प्सन याने 1755 मध्ये सरासरीची बाजू घेतली. चूक −5 ते +5 सेकंदांपर्यंत असू शकते आणि मोठी चूक लहान चुकीपेक्षा विरळ असते, असं त्याने मानलं. शक्यतांना वजनं दिली 1, 2, 3, 4, 5, 6, 5, 4, 3, 2, 1. त्यांची बेरीज 36, म्हणून एकच निरीक्षण एका सेकंदाच्या आत असण्याची संभाव्यता 16/36, म्हणजे 44 टक्के. सहा निरीक्षणांच्या सरासरीसाठी तीच सुमारे 72 टक्क्यांवर जाते. 36 ने भागणं हीच क्षेत्रफळ एक करण्याची मूळ कृती. बेरजेऐवजी सलग वक्र आला की भागाकार क्षेत्रफळाने करायचा, एवढाच फरक. 1757 मध्ये सिम्प्सनने चुका सलग मानल्या आणि वजनांच्या पायऱ्यांचा सरळ त्रिकोण झाला.

हा त्रिकोण आजच्या पद्धतीने सोडवू. −5 ते 5 मध्ये f(x) = 5 − |x| घेतलं, तर पाया 10, उंची 5, क्षेत्रफळ 25. म्हणून खरी घनता (5 − |x|)/25. आकृती सममित असल्याने अपेक्षित मूल्य 0. विचरणासाठी

∫x²(5 − |x|)dx = 2(625/3 − 625/4) = 625/6 ≈ 104.17

याला 25 ने भागलं की 25/6, म्हणजे सुमारे 4.17. प्रमाण विचलन साधारण 2.04 सेकंद.

25 ने भागायचं राहिलं तर? अपेक्षित मूल्य तरीही 0 च येतं, म्हणजे चूक तिथे पकडली जात नाही. विचरण मात्र 104.17 येतं आणि तिथे शंका यायला हवी: चूक 5 च्या पुढे जातच नाही, मग तिच्या वर्गाची सरासरी 25 च्या वर कशी जाईल? त्रिकोण 20 भोवती सरकवला तर बिंग पुरतं फुटतं. अपेक्षित मूल्य 20 ऐवजी 500 येतं, आणि E(X²) − [E(X)]² मध्ये 10104.17 मधून 250000 वजा होतात. विचरण ऋण! वर्गांची सरासरी ऋण होऊच शकत नाही, तेव्हा असं उत्तर दिसलं की आधी क्षेत्रफळ तपासावं.

ही अट स्पष्ट शब्दांत मांडली लाप्लासने, 1774 च्या निबंधात. निरीक्षण कुठे ना कुठे पडणार हे निश्चित, म्हणून वक्राखालचं एकूण क्षेत्रफळ एक. त्याने निवडलेला वक्र Ce^(−m|x|) होता. त्याचं क्षेत्रफळ 2C/m, म्हणून C = m/2. स्थिरांक मनाने ठरवायचा नसतो, तो या अटीतूनच पडतो. 1809 मध्ये गाऊसने e^(−h²x²) साठी हेच केलं आणि h/√π हा गुणक मिळवला. त्यासाठी लागणारं संकलन लाप्लासचं आहे, हे त्याने मोकळेपणाने नोंदवलं. त्या वक्राचं विचरण 1/(2h²). मजा म्हणजे ‘व्हेरियन्स’ ही संज्ञा फार उशिराची: ती रोनाल्ड फिशरने 1918 मध्ये, आनुवंशिकतेवरच्या निबंधात रूढ केली.

क्षेत्रफळ एक आलं म्हणजे पुढचं सगळं मिळेलच, असं मात्र नाही. f(x) = 1/(π(1 + x²)) चं क्षेत्रफळ बरोबर एक आहे. पण x²f(x) हे x वाढेल तसं 1/π कडे जातं, शून्याकडे नाही, त्यामुळे E(X²) अनंत आणि विचरण मिळतच नाही. अपेक्षित मूल्यही नाही: उजव्या अर्ध्या बाजूचं ∫xf(x)dx लॉगच्या गतीने, सावकाश पण बेलगाम वाढत राहतं आणि डावीकडचं तसंच ऋण दिशेने. सममिती पाहून ‘उत्तर 0’ लिहिणारे इथे फसतात. पॉइसाँने 1824 मध्ये हा वक्र दाखवला होता. 1853 मध्ये बिएनेमेशी झालेल्या वादात कोशीने तो पुन्हा पुढे केला आणि नाव त्याचंच चिकटलं. या वक्राप्रमाणे चुका पडत असतील, तर सहा काय, सहाशे निरीक्षणांची सरासरीही एकट्या निरीक्षणाइतकीच विखुरलेली राहते आणि सिम्प्सनचा युक्तिवाद लागूच पडत नाही.