चौकशी ते पहिला फोन: पाच मिनिटांच्या नियमाची पार्श्वभूमी

संकेतस्थळावर चौकशी आल्यापासून पाच मिनिटांत ग्राहकाला फोन करावा, हा विक्री विभागांतील नियम प्रामुख्याने 2007 मधील एका अमेरिकी अभ्यासातून रूढ झाला. 6 कंपन्यांच्या 3 वर्षांतील 15,000 हून अधिक चौकश्या आणि एक लाखाहून अधिक फोन तपासल्यावर, पाच मिनिटांऐवजी तिसाव्या मिनिटाला फोन केल्यास ग्राहक फोनवर भेटण्याची शक्यता 100 पटींनी आणि त्याची गरज पक्की होण्याची शक्यता 21 पटींनी घटते, असे त्यात मांडले गेले. हे आकडे प्रत्यक्ष विक्रीचे नाहीत, ही गोष्ट आजही सर्रास विसरली जाते. शिवाय तो अभ्यास करवून घेणारी कंपनी याच कामाचे सॉफ्टवेअर विकत होती. 2011 मध्ये 2,241 अमेरिकी कंपन्यांची पाहणी झाली, तेव्हा तासाभरात उत्तर देणाऱ्या कंपन्या 37 टक्के होत्या, तर 23 टक्के कंपन्यांनी उत्तरच दिले नव्हते.

त्यानंतर खरा वाद उभा राहिला तो घड्याळ कधी सुरू करायचे यावर, आणि त्याचे मूळ लीडच्या, म्हणजे आलेल्या चौकशीच्या, कर्मचाऱ्यांमधील वाटपात आहे. बहुतेक ठिकाणी लीड पाळीपाळीने दिल्या जातात आणि वेळ मोजली जाते ती लीड कर्मचाऱ्याच्या नावावर पडल्यापासून. समजा, फ्लॅटची चौकशी मंगळवारी दुपारी 1:10 ला आली. पाळी ज्याची होती त्याची त्या दिवशी साप्ताहिक सुट्टी होती, कारण बांधकाम व्यवसायात शनिवार-रविवार साइट दाखवण्यात जातात. व्यवस्थापकाने 4:20 ला ती लीड दुसऱ्याकडे वळवली आणि त्याने 4:24 ला फोन लावला. अहवालात विलंब 4 मिनिटांचा दिसतो. ग्राहक मात्र 3 तास 14 मिनिटे थांबलेला असतो, आणि पोर्टलवरून तीच चौकशी गेलेल्या इतर दलालांशी तोवर त्याचे बोलणे झालेले असू शकते. फॉर्म भरल्याची वेळ आणि पहिल्या फोनची वेळ शेजारी ठेवली, की ही लपवाछपवी लगेच उघडी पडते.

यावर तोडगा म्हणून काही कार्यालयांनी ‘जो आधी उचलेल त्याची लीड’ ही पद्धत आणली. तिने वेग वाढतो हे खरे, पण चपळ माणसे महागड्या फ्लॅटच्या चौकश्या उचलतात, बाकीच्या तशाच पडून राहतात, आणि काही जण नुसते नाव लावून फोन नंतर करतात. म्हणून पाळी कायम ठेवून ती हजेरीशी जोडणे आणि ठरलेल्या मिनिटांत फोन न गेल्यास लीड आपोआप पुढच्याकडे सरकवणे, हाच मार्ग अधिक न्याय्य वाटतो. मात्र लीड सरकली तरी घड्याळ फॉर्मच्या वेळेपासूनच चालू राहिले पाहिजे. रात्री 11 ला आलेल्या चौकशीचा अपवाद करायचा असेल, तर तिची नोंद वेगळ्या रकान्यात करावी. सरासरीत मिसळली, तर दिवसाच्या फोनांना खरोखर किती उशीर होतो हे कळेनासे होते.